सूनमुख चालू असताना माईक खाली ठेवा

(सूत्रसंचालन करणाऱ्या पोरापोरींसमोर तालुक्याच्या ठिकाणी दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

राजेहो, लग्न लावायचं काम भटजी नाहीतर भंतेजी करतात, तिथं आपल्याला फार बोलायचं नसतं. आपली खरी कसोटी असते रिसेप्शनला, काहून की तिथं कोणाच्याच हातात घड्याळ नसते. म्हणून आज मी फक्त गावातल्या रिसेप्शनवर बोलतो, मोकळ्या मैदानात मांडव टाकलेला, दोन भोंगे, सहाशे पाहुणे, असा कार्यक्रम.

आधी वेळ उलटीकडून मोजा. उघड्या जागेत रात्री दहाला भोंगा बंद म्हणजे बंद, 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत ते आणि पोलीस पाटलाला फोन जायला वेळ लागत नाही. दर्यापूर-अकोटकडचं एखादं गाव धरा. पत्रिकेत सात लिहिलेलं असते, पण ब्युटीपार्लरवाली बाई आणि शेतातून येणारी मंडळी दोघांचा हिशोब केला तर नवरा-नवरी स्टेजवर चढतात पावणेआठला, म्हणजे आपल्या हातात राहतात सव्वादोन तास, एकशे पस्तीस मिनिटं. आता सहाशे लोक म्हणजे चारचारच्या हिशोबानं दीडशे कुटुंबं, प्रत्येक कुटुंबाला चढणं, आहेर देणं, फोटो काढणं, उतरणं मिळून अर्धा मिनिट, झाले पंचाहत्तर मिनिटं फक्त लाईनचे. उरला एक तास. त्यातच सूनमुख, व्याहीभेट, सत्कार आणि पुढारी. तुम्ही जे बोलाल ते ह्या एका तासातून कापल्या जाते, हे डोक्यात पक्कं बसवा. आणि लाईन हळू सरकायला लागली की पंगतीवरही परिणाम होते, कारण फोटो झाल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असं मानणारी जुनी माणसं अजून भरपूर आहेत आणि बाहेर क्रूझरवाला हॉर्न वाजवत असते.

आता विधी. माझं सरळ मत आहे की विधीची माहिती विधीच्या आधी सांगावी, चालू असताना नाही. सूनमुख घ्या. सासू सुनेला जवळ बसवते, आरसा धरते आणि आरशात सुनेचं तोंड पाहते, मग साडी नाहीतर दागिना हातात देते. हे सगळं दोन-तीन मिनिटांचं आहे आणि त्यात पाहण्यासारखं काय आहे? आरशात दोघींची नजर भेटते ते. तेव्हाच आपला निवेदक "सासू ही दुसरी आई असते" ची कविता ठोकते आणि फोटोवाल्यापासून आजीपर्यंत सगळे स्टेज सोडून माईककडे पाहतात. असं करू नका. पाट मांडणं, आरसा आणणं चालू असताना बोलून घ्या, तेवढ्यात वीस-पंचवीस सेकंद आरामात मिळतात. मी एवढंच म्हणतो: "आता सूनमुख आहे. सासूबाई आरशात सुनेचं पहिल्यांदा तोंड पाहतील. मागच्या मंडळींना दिसावं म्हणून पुढच्यांनी कृपया खाली बसावं." बस. मग माईक खाली, साउंडवाल्याला हातानं इशारा, शहनाई बारीक. दागिना हातात पडला की एक वाक्य, "सूनमुख झालं, आता फोटोची लाईन डावीकडून सुरू होईल," आणि लगेच पुढं. तिसरं वाक्य, पुढच्यांनी खाली बसावं हे, अर्थापेक्षा जास्त कामाचं आहे, विसरू नका.

मी तर म्हणतो अर्थ जिथं पावलाला चिकटलेला असेल तिथंच सांगा. सप्तपदी चालू असताना भटजी थांबून अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य असं एकेक पाऊल टाकायला लावत असतील तर पावलागणिक एकेक शब्द बोलणं शोभते. पण रिसेप्शनला, जिथं कोणीच पाऊल टाकत नाही, तिथं सातही पावलांचं प्रवचन काहून?

आणि घर कोणतं आहे ते आधी विचारा. बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर त्रिशरण-पंचशील झालेलं असते, तिथं तुम्ही पाठ केलेलं "सप्तपदी चालून आलेल्या" वाक्य म्हणाल तर समोरचे लोक मान खाली घालतात. सत्यशोधक पद्धतीचं असेल तरी तेच. आदल्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाला फोन करून "काय काय विधी झाले, आज स्टेजवर काय होणार" हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

पाहुण्यांची ओळख हा खरा भांडणाचा विषय. घरच्यांनी दिलेली यादी जशीच्या तशी वाचू नका, ती चाळीस नावांची असते. मी दोन्ही घरांना म्हणतो, सहा-सहा नावं द्या, मामा सुटला नाही ना पाहा, मामा सुटला तर रुसवा वर्षभर चालते. प्रत्येक नावाला दहा सेकंद. क्रम असा ठेवा की आधी नातं, मग गाव, शेवटी नाव: "नवरीचे मोठे मामा, वरुडहून आलेले..." आणि मग नाव, आणि चूप. नातं ऐकलं की तो माणूस उठायला लागते, नावावर टाळी पडते. नाव आधी घेतलं तर टाळी मधेच पडून गाव ऐकूच येत नाही. भोंगा शंभर मीटर दूर असेल तर त्याचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरा पोचते, दोन भोंग्यांचा आवाज एकमेकात घुसते, म्हणून नावानंतर सेकंदभर थांबणं आवश्यकच. आडनावाचा उच्चार आधी विचारून घ्या. राहिलेल्या मंडळींची गावावारी नोंद घ्या, "मोर्शी, चांदूर बाजारकडून आलेल्या सगळ्या सोयऱ्यांचं स्वागत," तेवढ्यानं माणूस सुखावते. लाईनमध्ये उभ्या असलेल्यांची मात्र एकेकाची ओळख करून देऊ नका. कुटुंबाला दहा सेकंद जास्त लागले तरी दीडशे कुटुंबांचे पंचवीस मिनिटं होतात, म्हणजे शेवटची पस्तीस-चाळीस कुटुंबं फोटोविना घरी जातील.

आता साहेब. साहेब नेमके पावणेनऊला येतात, लाईन भर रंगात असताना, सोबत सहाजण. येण्याआधी "थोड्याच वेळात आगमन" असं कधीच म्हणू नका, लोक लाईन सोडून गेटकडे जातात आणि साहेब अर्ध्या तासानं येतात. गाडीतून उतरल्यावरच नाव घ्या. त्याआधी सोबतच्या कार्यकर्त्याशी बोलून ठेवा की साहेब आशीर्वाद देतील, भाषण नाही, आणि हे वरबापाच्या तोंडून सांगा, तुमच्या तोंडून नाही, तुमचं कोणी ऐकणार नाही. स्टेजवर जे कुटुंब आहे त्यांचा फोटो पुरा होऊ द्या, त्यांना ढकलून खाली उतरवणं मला अजिबात पटत नाही, तेही आहेर घेऊन आलेत. मग "लाईनमधल्या मंडळींनी आपली जागा सोडू नये, तीन मिनिटांत पुन्हा सुरू होईल" आणि एकच शाल, एकच श्रीफळ, एकाच माणसाच्या हातानं. लाईनला तीन म्हटलं तर तीनच लागले पाहिजेत.

पावणेदहाला साउंडवाल्याला सांगून ठेवा. त्या दहा मिनिटांत फक्त कामाच्या सूचना: जेवण कोणाचं राहिलं, नेरपिंगळाईच्या गाडीचे लोक गेटवर या, कोणाची तरी चप्पल नाहीतर पर्स सापडली ती मंडपवाल्याकडे आहे. शेवटचं नाव ज्या घरानं कार्यक्रम केला त्यांचं, स्वयंपाक करणाऱ्या बाया-माणसांचं, आणि माईक पाच कमी दहाला वरबापाच्या हातात द्या, दोन शब्द त्यांना म्हणू द्या.