‘भरपूर पाणी प्या’ म्हणायच्या आधी

(नर्सिंगच्या मेडिकल-सर्जिकल विषयाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

बसा बसा. मागे जागा नाहीये तर पुढे या, पुढचे बाक नेहमी रिकामे का असतात हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

आज मुतखडा आणि लघवीचं इन्फेक्शन. पुस्तकात हे दोन वेगळे धडे आहेत, म्हणून तुम्ही ते वेगळे पाठ करता, आणि वॉर्डात पेशंट दोन्ही एकत्र घेऊन येतो तेव्हा गडबड होते. म्हणून मी एकच पेशंट सांगणार आहे. नाव नाही, गाव नाही, हॉस्पिटलही सांगणार नाही, कारण त्यात चूक आमच्याच लोकांची होती.

बाई चाळिशीच्या, वजन ४६ किलो, बीडकडच्या, ऊसतोडीला आलेल्या. रात्री अकराला कॅज्युअल्टीत. डाव्या बरगडीखालून कळ निघते ती खाली जांघेपर्यंत जाते, दोन उलट्या झाल्यात, आणि बाई एका जागी बसत नाहीत, उठतात, वाकतात, कॉटला धरतात, परत बसतात. हे बघून ठेवा. पोटात आतडं फुटलेला पेशंट हलत नाही, हललं की दुखतं म्हणून लाकडासारखा पडून राहतो. खड्याचा पेशंट लोळतो. दारातून बघूनच निम्मं निदान होतं.

बाईंनी अजून एक सांगितलं, ‘चार दिस झालं उन्हाळी लागलीय, आन् सांच्याला थंडी वाजून आली.’ आता उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ, घडीघडी लागणं. खडा मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी आला की इन्फेक्शन नसतानाही अशीच उन्हाळी लागते, त्यामुळे ड्युटीवरच्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. तेवढं मी समजू शकते. पण ‘थंडी वाजून आली’ हे शब्द केसपेपरवर आलेच नाहीत, ते मला आजही समजत नाही.

डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम, कुल्ल्यात खोलवर स्नायूत. औषध बरोबर होतं. खड्याच्या कळेला पहिलं औषध हेच, किंवा त्याच जातीचं दुसरं, आणि का ते समजून घ्या. खडा अडकला की वर लघवी तुंबते, किडनी ताणली जाते, आणि शरीर प्रोस्टाग्लँडिन सोडतं ज्याने किडनीचा रक्तपुरवठा वाढतो, अजून लघवी तयार होते, अजून ताण, अजून कळ. डायक्लोफेनॅक हे चक्र तोडतं, शिवाय खड्याभोवतीची सूज कमी करतं. म्हणजे ते फक्त दुखणं झाकत नाही, दुखण्याच्या मुळाशी जातं. आपल्याकडे सोबत ड्रोटाव्हेरिनचं इंजेक्शन देतातच, सवय आहे, पण मुख्य काम त्याचं नाही.

पण सिरिंज भरायच्या आधी चार प्रश्न विचारायचे. किडनीचा त्रास आहे का, क्रिएटिनिन कधी वाढलं होतं का. पोटात अल्सर, काळी शौच झाली होती का. दमा आहे का, गोळी खाऊन धाप लागली होती का. आणि बाई असेल तर पाळी कधी आली. उत्तर ‘हो’ आलं किंवा पाळी चुकलेली निघाली तर इंजेक्शन हातात ठेवून डॉक्टरांना सांगायचं, मग ते पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, नाहीतर ट्रामाडॉल वगैरे ठरवतील. उलट्यांनी सुकलेल्या पेशंटला तर डायक्लोफेनॅक देताना किडनीची काळजी जास्तच. कमरेला गरम पाण्याची पिशवी ठेवा, बऱ्याच जणांना बरं वाटतं. आणि अर्ध्या तासाने परत जाऊन विचारायचं, दहापैकी किती दुखतंय आता. इंजेक्शन दिलं एवढं लिहून अर्धंच काम होतं.

इथे अर्ध्या तासाने विचारलं. दहावरून दोनवर आलं होतं. ताप घेतला तर ९९. सगळे खूश. लघवीची तपासणी आली, रक्तपेशी भरपूर, पू-पेशी फक्त तीन-चार. सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली, खाली ८ मिलिमीटरचा खडा. ठरलं काय, तर सकाळी डिस्चार्ज, गोळ्या, आणि ‘भरपूर पाणी प्या’. नाइट ड्युटीच्या कुणीतरी बाईंना तिथेच बाटली धरायला लावली, मावशी प्या, पाण्याने खडा ढकलला जाईल.

थर्ड इयरची एक विद्यार्थिनी होती, तुमच्यासारखीच. तिने पहाटे चारला नाडी मोजली, ११८. श्वास २४. बीपी ९२/५८. ती सिनियरला म्हणाली, सिस्टर, दुखणं तर थांबलंय, मग नाडी का पळतीय? बस, एवढंच म्हणाली. नाडी दुखण्याने वाढली असेल तर दुखणं गेल्यावर खाली यायला हवी, ती आली नाही म्हणजे कारण दुसरं आहे. आणि ताप? अगं ताप डायक्लोफेनॅकने उतरवलेला. वेदनाशामक दिल्यावर चार-सहा तास थर्मामीटरवर भरवसा ठेवायचा नाही, नाडी, श्वास, बीपी आणि पेशंट नीट बोलतोय का ते बघायचं.

मग लघवी स्वच्छ कशी, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. तर जी लघवी आपण तपासली ती कुठून आली? उजव्या, चांगल्या किडनीतून. डावीकडे बूच बसलंय, पू बुचाच्या वर आहे, तो खाली बाटलीत येणार कसा? म्हणून तुंबलेली किडनी आणि थंडी-ताप असला तर लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून गाफील राहायचं नाही. नुसता खडा दिवसभर थांबू शकतो, पण खडा अधिक ताप थांबत नाही. तुंबलेल्या किडनीत अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि जंतू मात्र रक्तात जातात. बूच सोडवावंच लागतं.

पुढे सगळं पटापट झालं. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलं, मग लगेच अँटिबायोटिक, ह्या क्रमाने, पण कल्चर घ्यायला उशीर होतोय म्हणून अँटिबायोटिक अडवून ठेवायचं नाही. क्रिएटिनिन १.६ आलं. सलाइन डॉक्टरांनी किलोला ३० मिली ह्या हिशोबाने सांगितलं, म्हणजे ह्यांना साधारण १४०० मिली, पहिल्या तीन तासांत. कॅथेटर टाकून तासाची लघवी मोजायची, किलोला अर्धा मिली धरला तर तासाला निदान २३ मिली हवी. आणि तोंडाने काही नाही, कारण सहाला थिएटर.

आता त्या बाटलीकडे परत या. रात्री पाणी पाजलं ते का चुकलं? अडकलेल्या खड्याच्या वर आधीच प्रेशर आहे, त्यात जास्त लघवी तयार केली तर प्रेशर आणि कळ वाढते, खडा त्याने लवकर पडतो असं दिसलेलं नाही. शिवाय बाई उलटी करत होत्या आणि भूल द्यायची वेळ आली होती. कळ असताना तहानेपुरतं पाणी, नाहीतर सुकलेलं भरून काढण्यापुरतं सलाइन. आणि पहाटेचं १४०० मिली? ते खड्यासाठी नव्हतंच, बीपीसाठी होतं. पाणी तेच, काम वेगळं.

थिएटरमध्ये डीजे स्टेंट टाकला. (त्यांच्या नवऱ्याने विचारलं, डीजे कशाला लावायचा हो, आम्ही सगळे हसलो आणि मग लाज वाटली, कारण त्यांना कुणी काही समजावलंच नव्हतं.) बारीक लवचिक नळी, दोन्ही टोकांना वळलेली, एक टोक किडनीत आणि एक मूत्राशयात. नळी वर गेली आणि बाजूने पू आला. तो कल्चरला पाठवला, त्यात ई. कोलाय वाढला, खालच्या लघवीत काहीच वाढलं नव्हतं. खडा मात्र तिथेच ठेवला. इन्फेक्शन पेटलेलं असताना खडा फोडत बसायचं नाही, आधी निचरा. तो नंतर, तीनेक आठवड्यांनी, दुर्बिणीतून लेझरने फोडला.

स्टेंट असताना लघवीला घाई होणार, करताना कमरेत दुखणार, थोडी लालसर होणार, हे आधी सांगा म्हणजे पेशंट रात्री घाबरून येत नाही. थंडी वाजली, लघवी बंद झाली, रक्ताच्या गाठी पडल्या तर मात्र लगेच यायचं.

आता घरी जातानाचं पाणी. इथे खरंच भरपूर, पण भरपूर म्हणजे किती? आपण पाणी मोजतो, मोजायची असते लघवी. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, त्यासाठी तीन लिटरच्या आसपास प्यावं लागतं, उन्हात काम करणाऱ्याला त्याहून जास्त, कारण घामात जातं. १९९६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कॅल्शियमचा खडा झालेल्यांचे दोन गट पाच वर्षं पाहिले, पाणी वाढवलेल्या गटात शंभरात १२ जणांना परत खडा झाला, दुसऱ्यात २७ जणांना. पेशंटला सांगताना ‘एक दिवस लघवी मोजमापाच्या डब्यात धरा’ म्हणा, नाहीच जमलं तर रंग बघायला सांगा, पाण्यासारखा फिका हवा. झोपताना एक ग्लास, रात्री उठलात तर परत एक. हृदय किंवा किडनीचा पेशंट असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही.

हे सगळं मी त्या बाईंना समजावलं, छान समजावलं असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, ‘पानी पिऊन जाऊ कुठं, सिस्टर? फडात समदी बापय मानसं.’

मी गप्प बसले. पहाटे अंधारात जायचं आणि मग थेट संध्याकाळी अंधार पडल्यावर, म्हणून दिवसभर पाणी प्यायचंच नाही, आणि लघवी दाबून धरायची. खडा आणि उन्हाळी दोन्ही त्यातूनच. मग आम्ही बसून वेळा ठरवल्या. उठल्यावर दोन तांबे, दुपारी जेवायला कोपीवर येतात तेव्हा दोन, परतल्यावर उरलेलं, आणि बरोबरच्या दोघी-तिघींनी मिळून आळीपाळीने साडी धरून आडोसा करायचा. पुस्तकात बसत नाही, पण तीन लिटरचा कागद हातात देण्यापेक्षा बरं.

खाण्याचं थोडक्यात. दूध-दही बंद करू नका, कॅल्शियम जेवणाबरोबर पोटात गेलं तर ऑक्झलेटला आतड्यातच धरतं. बंद करायला लावायचं ते मीठ, ठेचा-लोणचं-पापड, कारण मीठ जास्त गेलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. लिंबू चांगलं, पण सरबतात मीठ नको. टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. बिअर औषध नाही. कुळथाचं कढण प्यायचं तर प्या, पातळ आहे, पण ते पितोय म्हणून तपासणी टाळायची नाही. आणि घरी खडा पडला तर चहाच्या जुन्या गाळणीत धरून आणायला सांगा, कशाचा आहे ते कळल्याशिवाय पथ्य अंदाजानेच. लघवीचं सिरप आपणहून दर महिन्याला आणून पिणाऱ्यांना थांबवा, प्रोटिअससारख्या जंतूंनी होणारा इन्फेक्शनचा खडा अल्कली लघवीतच वाढतो.

एक राहिलं, स्टेंट काढायची तारीख. नळी आत आहे हे दुखणं थांबल्यावर लोक विसरतात, तिच्यावर खडे साचतात आणि मग काढताना मोठं ऑपरेशन. ह्या बाईंचा फड तर महिन्यात हलणार होता. म्हणून तारीख नवऱ्याच्या, मुकादमाच्या आणि गावाकडच्या आशाताईंच्या फोनमध्ये, अशी तीन ठिकाणी घातली. मुकादमाला फोन लावला तर तो म्हणाला, उचल फिटल्याशिवाय सुट्टी नाही. आशाताईंनी त्यालाच दोनदा फोन केला. बाई ठरल्या दिवशी आल्या, सकाळी नऊला, उपाशीपोटी, आणि पिशवीतून गाळणी काढून दाखवली, नवी घेतली होती.