इंचातल्या अपूर्णांकाचं मिलिमीटर करताना
(वर्कशॉप चालवणाऱ्यांसाठी आणि ड्राफ्ट्समनसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे अमेरिकन मशीनच्या सुट्या भागांची कामं येतात. ड्रॉइंग जुनं, मापं इंचात, आणि तीही अपूर्णांकात: १ ३/८, ७/१६, ५ १/४. आपल्या शॉपमध्ये जुना मिस्त्री पहिलं माप पाहून म्हणतो, "एक इंच तीन सूत." पण सीएनसीवर मिलिमीटर हवेत आणि तपासणीचा व्हर्नियरही मिलिमीटरचाच. मग कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन २५.४ ने गुणतो, दोन दशांश ठेवतो आणि काम सुरू होतं. गुणाकारात चूक नसते. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं ठरवून टाकलंय. गडबड गुणाकाराच्या आधी होते आणि नंतर होते.

आधीची गडबड मोठी, म्हणून ती आधी घेऊ.

अशा ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सर्वसाधारण टॉलरन्स लिहिलेला असतो. नेहमी दिसणारा नमुना असा: अपूर्णांकाला ± १/६४, दोन दशांशांना ± .०१०, तीन दशांशांना ± .००५. म्हणजे माप कसं लिहिलंय त्यावरून टॉलरन्स ठरतो. कॉलरची रुंदी १ ३/८ लिहिली असेल, तर डिझाइन करणाऱ्यानं ± १/६४ इंचाची, म्हणजे एकूण १/३२ इंचाची मोकळीक दिली आहे. मिलिमीटरमध्ये ती जवळजवळ ०.७९ होते. आता कोणी सोयीसाठी १ ३/८ चं १.३७५ करून नवीन ड्रॉइंगवर टाकलं, तर त्याच चौकटीनुसार टॉलरन्स ± .००५ झाला. मोकळीक ०.७९ वरून ०.२५ मिलिमीटरवर आली. कोणी मागितलं नव्हतं, तरी काम तिपटीनं कडक झालं आणि दर मात्र जुनाच राहिला.

मिलिमीटरच्या ड्रॉइंगवर आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग छापलेला असला, तर वेगळाच घोळ होतो. १ ३/८ चं मिलिमीटर केल्यावर येणाऱ्या ३४.९२५ मापाला तिथे ± ०.३ मिळतो. मूळ मोकळीक होती ± ०.३९७. खालचा ढोबळ वर्ग घेतला तर ± ०.८ मिळतो, तो दुपटीनं सैल. म्हणून अपूर्णांकाचं माप चौकटीच्या भरवशावर सोडू नका. त्याचा टॉलरन्स त्याच्या शेजारीच लिहा.

आता गुणाकारानंतरची गडबड. १/६४ इंच म्हणजे बरोबर ०.३९६८७५ मिलिमीटर, त्यापुढे शेपूट नाही. इंचाचे चौसष्टावे, बत्तिसावे, सोळावे भाग, सगळे मिलिमीटरमध्ये नेमके लिहिता येतात. दशांश कुठे तोडायचे हे आपण ठरवतो, आणि तिथेच सांभाळायचं असतं.

१ ३/८ ± १/६४ घेऊ. माप ३४.९२५, टॉलरन्स ०.३९६८७५. बहुतेक जण दोन्ही वेगवेगळे गोल करतात आणि ३४.९३ ± ०.४० लिहितात. दिसायला चोख! पण मूळ ड्रॉइंगची कमाल मर्यादा ३५.३२१८७५ आहे आणि आपण ३५.३३ पर्यंत परवानगी दिली. ३५.३२८ चा पीस आपल्याकडे पास होईल आणि ग्राहकाकडे नापास. ३४.९ ± ०.४ लिहिलं तर खालची बाजू फसते, कारण किमान ३४.५२८१२५ असताना आपण ३४.५ चालवून घेतो.

माझं म्हणणं असं की माप आणि टॉलरन्स सुटे सुटे बदलूच नयेत. आधी इंचातच कमाल आणि किमान काढायचं, त्या दोन आकड्यांना २५.४ ने गुणायचं, आणि मग कमाल खाली, किमान वर असं आतल्या बाजूला गोल करायचं. इथे ३४.५३ आणि ३५.३२ मिळतात. एकच आकडा हवा असेल तर ३४.९२५ ± ०.३९५ लिहा. मूळ पट्ट्यातून आपण फक्त ०.००३७५ मिलिमीटर सोडले, पण आपल्याकडे पास झालेला पीस मूळ ड्रॉइंगवरही पास होणारच. एक्सेलमध्ये, ए स्तंभात माप आणि बी मध्ये टॉलरन्स असेल तर:

```
=ROUNDDOWN((A2+B2)*25.4,2)
=ROUNDUP((A2-B2)*25.4,2)
```

माप भरताना `=1+3/8` असं भरा. नुसतं `3/8` टाकलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो.

पण "दोन दशांश" हा नियम नाही. तो पट्टा केवढा आहे यावर अवलंबून असतो. एखाद्या शाफ्टवर बेअरिंग बसायची जागा १.२४९५ ते १.२४९० असेल, तर मिलिमीटरमध्ये ३१.७३७३ ते ३१.७२४६, एकूण पट्टा पावणेतेरा मायक्रॉनच्या आसपास. इथे दोन दशांशांवर आतल्या बाजूला गोल केलं तर कमालही ३१.७३ आणि किमानही ३१.७३! टॉलरन्स शून्य. जवळच्या आकड्याला गोल केलं तर ३१.७४ ते ३१.७२, म्हणजे दोन्हीकडून मूळ हद्दीबाहेर, आणि बेअरिंग कधी घट्ट तर कधी सैल. तीन दशांशांवर ३१.७३७ ते ३१.७२५ येतात, ते चालतील. मी पाहतो की गोल करण्याची पायरी एकूण पट्ट्याच्या विसाव्या भागाहून मोठी नसावी. इथे ती जवळजवळ तेराव्या भागाएवढी आहे, पण एक मायक्रॉनच्या खाली मोजण्याची सोय शॉपमध्ये नसते, म्हणून मी तिथे थांबतो.

ओळीतली भोकं हे प्रकरण वेगळं. पट्टीवर तेरा भोकं, अंतर ७/१६, म्हणजे साडेतीन सूत. नेमकं अंतर ११.११२५. प्रोग्रामरनं ११.१ धरलं तर प्रत्येक घरात फक्त साडेबारा मायक्रॉन कमी. पण घरं बारा. शेवटचं भोक सव्वापाच इंचावर, १३३.३५ ला यायला हवं, ते १३३.२ ला येतं. पहिल्या भोकापासून ± १/६४ दिलेला असेल तर त्यातला एका बाजूचा तिसऱ्या भागाहून जास्त वाटा आकडे गोल करण्यातच संपला. मशीनची चूक अजून मोजलेलीच नाही. प्रत्येक भोकाचं अंतर पहिल्या भोकापासून इंचात काढा, मग त्याचं मिलिमीटर करा. मध्ये गोल करू नका.

टॉलरन्स नीट जपला तर फायदाही होतो. ७/१६ ± १/६४ च्या तेलाच्या भोकासाठी इंची ड्रिल शोधत बसायची गरज नाही. हद्द १०.७२ ते ११.५० आहे, साधं ११ चं ड्रिल मारा. मात्र त्याच भोकात ७/१६ चा बोल्ट जाणार असेल तर ते चालणार नाही, कारण बोल्टच ११.११ चा. तेव्हा भोकाचा उपयोग विचारा.

काम हातात घेण्याआधी मिलिमीटरच्या दोन्ही मर्यादा २५.४ ने भागून इंचात आणा आणि मूळ मर्यादांशी ताडून पाहा. ३५.३२ चे १.३९०५५ येतात, मूळ कमाल १.३९०६२५, म्हणजे आपण आत आहोत. ३५.३३ चे १.३९०९४ आले असते. बदललेल्या ड्रॉइंगवर मूळ इंची माप कंसात ठेवा, आणि वाद झाला तर कोणता आकडा धरायचा, इंची की मिलिमीटर, हे ग्राहकाकडून ऑर्डरीवर लिहून घ्या.