'फ्लुएंट' या शब्दाला किती गुण द्यायचे?

दोन रेझ्युमे समोर ठेवून बोलतो. जागा एकच आहे: चॅट सपोर्टची, कामाची भाषा इंग्रजी, शिफ्ट बदलती.

पहिला उमेदवार लिहितो, 'पाच भाषांत फ्लुएंट, उत्तम संवादकौशल्य, कोणत्याही शिफ्टला तयार.' दुसरा लिहितो, '14 महिने इंग्रजी चॅटवर रिफंडच्या तक्रारी हाताळल्या, एका वेळी तीन चॅट. नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं नव्याने लिहून दिली.' शिफ्टबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही.

भाषा 40, संवाद 30, शिफ्ट 30 अशी गुणपत्रिका घेऊन बसलात तर पहिला पुढे जातो, कारण तिन्ही रकान्यांत हवे ते शब्द त्याच्याकडे आहेत. मला हे फार खटकतं. काम करून आलेला माणूस यात मागे पडतो.

म्हणून मी शून्य ते चार अशा पायऱ्या करतो आणि प्रत्येकीचा अर्थ रेझ्युमे उघडण्याआधी लिहून ठेवतो. भाषेत नुसत्या दाव्याला एक, परीक्षेतून सिद्ध झालेल्या पातळीला, समजा बी2 ला, दोन, त्या भाषेत प्रत्यक्ष केलेल्या कामाला तीन, आणि कामासोबत पडताळता येईल असा परिणाम दिला असेल तर चार. संवादालाही नुसत्या दाव्याला एक आणि केलेल्या कामाला तीनच. भाषेचं वजन 40, संवादाचं 60. आता पहिल्याला दोन्हीकडे एक, म्हणजे 10 आणि 15, एकूण 25. दुसऱ्याला दोन्हीकडे तीन, म्हणजे 30 आणि 45, एकूण 75.

चौथी पायरी मी हात राखून देतो. 'ग्राहक समाधान 95 टक्के' असं लिहिलेलं असतं, पण किती ग्राहकांनी मत दिलं? 20 पैकी 19 आणि 2000 पैकी 1900, दोन्ही 95 टक्केच.

शिफ्टला मी गुणच देत नाही. रात्री जागायची तयारी असली म्हणून कच्ची भाषा पक्की होत नाही. तिथे फक्त हो किंवा नाही, आणि रेझ्युमे गप्प असेल तर फोन करून विचारायचं. 'रात्री दहा ते सकाळी सात, दर महिन्यातले दोन आठवडे, जमेल का?' इतकं नेमकं विचारा. 'कोणत्याही शिफ्टला तयार' म्हणणाऱ्यालाही हेच विचारा. जमणार नसेल तर घरची कारणं खोदून काढू नका, तो आपला विषय नाही.

आणि हे 75 गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच. रेझ्युमे दुसऱ्याने लिहून दिलेला असू शकतो. चॅटच्या जागेसाठी मी चिडलेल्या ग्राहकाचा एक मेसेज देऊन समोर बसवून उत्तर लिहायला सांगतो, पंधरा मिनिटांत. तक्रार नेमकी कोणती हे पहिल्या दोन वाक्यांत त्याने ओळखलं का, हे आधी पाहतो, व्याकरण नंतर.