पत्रातले अकरा 'पण'

(व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुटुंब-मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादून)

मंडळी, मी काही वक्ता नाही. उभी हयात लेथवर गेली माझी. बोलायला सांगितलंय ते एका पत्राबद्दल. दारू सोडून चौदा महिने झाल्यावर मी माझ्या मुलाला पत्र लिहिलं. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता, पुण्यात नोकरीला. आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "आईला दे".

पहिला खर्डा चार फुलस्केप झाला. लिहिताना दोनदा रडलो, त्यामुळे पत्र चांगलं झालंय अशी माझी खात्री होती. समुपदेशक ताईंनी ते वाचलं, लाल पेन घेतलं आणि एकाच शब्दाला गोल करत गेल्या. 'पण'. अकरा गोल झाले. "तुझ्या फीचे पैसे मी उडवले, पण तेव्हा ओव्हरटाइम बंद झाला होता." "तुझ्या मित्रांसमोर तमाशा केला, पण घरात मला कोण विचारत होतं?" ताई म्हणाल्या, "काका, हे पत्र नाही, जामिनाचा अर्ज आहे."

दुसऱ्या खर्ड्यात 'पण' काढले, तर पत्र दीड पानावर आलं! म्हणजे अडीच पानं नुसती वकिली होती. मग नवीच चूक केली. शेवटी लिहिलं, "मला माफ कर." ताईंनी तेही खोडायला लावलं. माफी मागितली की पोराच्या डोक्यावर नवं काम येतं. दिली नाही तर तो वाईट, आणि दिली तर विषय तिथेच संपला.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये आठवी पायरी यादी करायची आहे, आपण कुणाकुणाला दुखावलं त्याची. नववी भरपाईची. त्या नववीत एक अट आहे: भरपाई करताना त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर करू नये. या अटीमुळे मी एक परिच्छेद गाळला. त्याच्या आईने त्या वर्षांत काय काय सोसलं हे मी त्यात लिहिलं होतं. ते सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. मी आपलं मन हलकं करायला तिची गोष्ट वापरत होतो.

तिसरं पत्र गेलं. त्यातल्या चार ओळी वाचतो. "सकाळी माझे हात इतके कापायचे की मायक्रोमीटर धरता यायचा नाही. म्हणून कामावर जायच्या आधी नव्वद मारून जायचो. तुला सांगायचो की बी.पी.चा त्रास आहे. ते खोटं होतं."

हात का कापायचे, तेही पत्रात लिहिलं. दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि रोज दाबला की मेंदू उलट जोर लावायला शिकतो. रात्रीची दारू उतरली की तो जोर तेवढा उरतो, मग थरथर सुटते. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. मुलाला हे कळायला हवं होतं, कारण तो या सगळ्याला माझा ढोंगीपणा समजत होता.

आणि शेवटी एकच प्रश्न लिहिला: "मला आठवत नाही असं काय काय घडलंय? तुला वाटेल तेव्हा सांग. नाही सांगितलंस तरी चालेल."

हा प्रश्न नम्रतेपोटी नव्हता, तशी गरजच होती. फार प्यायलेला माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण त्या वेळी मेंदूत नवीन आठवण साठतच नाही. त्याला ब्लॅकआउट म्हणतात. ती आठवण विसरलेली नसते, मुळात नोंदच झालेली नसते, त्यामुळे कितीही ताण दिला तरी सापडत नाही. म्हणजे माझा कबुलीजबाब मी एकटा पूर्ण करूच शकत नव्हतो. उरलेला भाग पोराकडे होता.

एकोणिसाव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "बाबा, बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री तुम्ही एस.टी. स्टँडवर पडला होतात. मी तुम्हाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, पाठीला टॉवेलने बांधून घरी आणलं." मला काही म्हणजे काही आठवलं नाही. जीभेवर आलं होतं, "असं कसं होईल?" गिळलं. विचारलं, "टॉवेल कोणता होता?" तो थोडा थांबला. "हिरवा. आईचा."

मग चाळीस मिनिटं बोललो. सगळं गोड नव्हतं, एकदा त्याने फोन आपटलाही.

आता तो महिन्यातून एकदा येतो. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, तो सांगतो आणि मी लिहितो, तारीख त्याची आणि शब्दही त्याचेच. सात गोष्टी झाल्या आहेत. आठवी गेल्या रविवारी सांगणार होता, पण नातीला ताप होता, म्हणून आला नाही.