गव्हावरचं पश्चिमेचं आभाळ

[दृश्य: जानेवारीतली सकाळ. गुडघ्याएवढा हिरवा गहू. वर पिसांसारखे विरळ ढग.]

जानेवारीत लुधियाना, अंबाला, हिसार या पट्ट्यात पडणाऱ्या पावसाचा मोसमी पावसाशी काही संबंध नाही. मोसमी वारे केव्हाच माघारी गेलेले असतात. हा पाऊस येतो पश्चिमेकडून, इराण-अफगाणिस्तान ओलांडून. आणि त्याची सूत्रं जमिनीजवळून नाही, तर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून हलतात.

त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा एक अरुंद आणि अतिशय वेगवान पट्टा असतो. याला जेट प्रवाह म्हणतात. उन्हाळ्यात तो हिमालय आणि तिबेटच्या उत्तरेला असतो. हिवाळा आला की उत्तर गोलार्धाचा ध्रुवाकडचा भाग झपाट्याने गार होतो, विषुववृत्ताकडचा भाग मात्र उबदारच राहतो. दोन्हींच्या तापमानातली तफावत वाढली की हा प्रवाह जोर धरतो आणि दक्षिणेकडे सरकतो. डिसेंबरपर्यंत तो थेट उत्तर भारताच्या डोक्यावर आलेला असतो.

[दृश्य: नकाशा. भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंत वळणं घेत गेलेली रेघ.]

हा प्रवाह सरळ वाहत नाही, तो वळणं घेतो. काही ठिकाणी त्याचा बाक दक्षिणेकडे खाली उतरतो आणि त्या बाकात उत्तरेची थंड हवा साठते. असा बाक भूमध्य समुद्राच्या आसपास तयार होतो आणि पूर्वेकडे सरकत येतो. हाच तो वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे मराठी बातम्यांतला पश्चिमी चक्रावात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा असे चक्रावात येतात. त्यातले सगळे पाऊस देतात असं मात्र नाही. पुष्कळसे थोडे ढग दाखवून निघून जातात.

पाऊस पडतो तो या बाकाच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बाजूला. तिथे उंचावरची हवा फाकत जाते. वर हवा फाकली की ती जागा भरायला खालची हवा वर चढते. चढताना ती गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि ढग धरतो. पण त्यासाठी खालच्या हवेत मुळात बाष्प हवं. भूमध्य समुद्राचं पाणी पंजाबात येऊन पडतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यातलं बरंचसं बाष्प वाटेतल्या डोंगरांवरच रितं होतं. बाक राजस्थानच्या जवळ आला की त्याच्या खाली, जमिनीलगत, हवेच्या कमी दाबाचं एक दुय्यम क्षेत्र तयार होतं आणि ते अरबी समुद्रावरची दमट हवा उत्तरेकडे ओढून घेतं. ही शेवटची भर पडली तरच मैदानात पाऊस होतो. ती चुकली, तर फक्त आभाळ येतं.

[दृश्य: पीर पंजाल रांगेवर चढत जाणारे ढग.]

डोंगरांचं गणित आणखी सोपं आहे. तीच दमट हवा पीर पंजाल आणि धौलाधारच्या उतारांना थटते आणि तिला वर चढण्यावाचून मार्गच उरत नाही. दर किलोमीटरमागे हवा साधारण सहा अंशांनी गार होते. पायथ्याशी पठाणकोटला दिवसा बारा अंश तापमान असेल, तर दोन किलोमीटर वर ते शून्याच्या आसपास जातं. म्हणून एकाच ढगातून खाली पाऊस आणि वर बर्फ पडतो. गुलमर्गचं बर्फ, मनालीचं बर्फ, सतलज आणि चिनाबच्या खोऱ्यांत साठणारं बर्फ याच चक्रावातांनी आणलेलं असतं. हे चक्रावात रुसले की काय होतं, ते जानेवारी 2024 मध्ये दिसलं. महिन्याचा बराच काळ गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते.

[दृश्य: शेताच्या बांधावरून दिसणारं आभाळ, टप्प्याटप्प्याने बदलणारं.]

हे सगळं शेताच्या बांधावर उभं राहूनही ओळखता येतं. पहिल्या दिवशी पश्चिमेकडून पातळ, उंच ढग येतात. नेहमीचा वायव्येचा कोरडा वारा पडतो आणि पूर्व किंवा आग्नेयेकडून वारा सुरू होतो. त्या रात्री थंडी अचानक ओसरते, कारण ढगांमुळे जमिनीची ऊब आभाळात निघून जाऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरतात, ऊन दिसत नाही, दिवस गारठतो आणि संथ पाऊस लागतो. हा पाऊस धो-धो कोसळत नाही, जमिनीत मुरत राहतो. मग पश्चिमेकडूनच आभाळ उघडतं आणि वायव्येचा वारा परत येतो. वारा पडला, रात्र निरभ्र राहिली, जमीन ओली असली, की पहाटे दाट धुकं. त्यामागून थंडीची लाट. हीच लाट कधी कधी खाली निफाडपर्यंत पोहोचते आणि आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवते.

आता गव्हाकडे वळू.

[दृश्य: मुळांसकट उपटलेलं गव्हाचं रोप, हातात.]

नोव्हेंबरात पेरलेला गहू तीन आठवड्यांचा झाला की त्याला मुकुटमुळं फुटतात. ही मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात येतात आणि तो थर कोरडा असेल तर ती धरतच नाहीत. मुळं कमी, तर फुटवे कमी, आणि फुटवे कमी तर लोंब्या कमी. कोरडवाहू शेतीत, म्हणजे जम्मूचा कंडी पट्टा, हिमाचलचे उतार, पाकिस्तानातलं पोठोहारचं पठार इथे, ही ओल देणारा दुसरा कोणी नाही. वीस मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दोन लाख लिटर पाणी. तेही वीज न जाळता, पंप न लावता.

पण पंजाबात तर जवळजवळ सगळाच गहू बागायती आहे. कालवे आहेत, ट्यूबवेल आहेत. मग तिथला शेतकरी या ढगांची वाट का पाहतो? माझ्या मते या विषयातली खरी गोष्ट इथे आहे. बागायती गव्हाला चक्रावात देतो ते पाण्यापेक्षा गारवा म्हणून जास्त मोलाचं असतं.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गहू फुलोऱ्यातून बाहेर पडतो आणि दाण्यात चीक भरू लागतो. हे काम पुढचे चार-पाच आठवडे चालतं. हवा थंड असेल तर झाड हिरवं राहतं आणि दाणा सावकाश, पूर्ण भरतो. दुपारी पारा पस्तिशीकडे गेला की झाड घाई करतं, पानं लवकर पिवळी पडतात आणि दाणा अर्धा भरूनच वाळतो. खाली कितीही पाणी दिलं तरी उन्हाचा हा ताण पूर्ण निघत नाही. अधूनमधून येणारा चक्रावात आभाळ झाकून ही घाई रोखून धरतो.

[दृश्य: तळहातावर दोन प्रकारचे दाणे. एक टपोरा, एक सुरकुतलेला.]

2022 चा मार्च पाहा. त्या महिन्यात जोरदार असे चक्रावात आलेच नाहीत. देशात मार्चमध्ये सरासरी 30.4 मिलिमीटर पाऊस पडतो, तो 8.9 मिलिमीटर पडला. दिवसाच्या तापमानाच्या हिशेबाने 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वात उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज 11 कोटी 13 लाख टन गव्हाचा होता. अखेरचा आकडा 10 कोटी 77 लाख टनांवर आला. 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. मंडईत आलेला माल एवढा सुरकुतलेला होता, की पंजाब आणि हरियाणात सरकारी खरेदीसाठी अशा दाण्यांची मर्यादा 6 टक्क्यांवरून 18 टक्के करावी लागली.

पुढच्या वर्षीही हीच मर्यादा 18 टक्क्यांवर न्यावी लागली, पण कारण नेमकं उलट होतं. 2023 चा फेब्रुवारी कमालीचा तापला आणि मागच्या वर्षाची पुनरावृत्ती होणार या धास्तीने सगळे हवालदिल झाले. मग मार्चच्या मध्यापासून एकामागून एक चक्रावात आले आणि वादळी वारा, पाऊस, गारा घेऊन आले. मार्चपर्यंत जमीन तापलेली असते. वर बाकातली थंड हवा आणि खाली गरम, दमट हवा, अशा जोडीतून संथ पाऊस पडत नाही, गडगडाटी ढग उभे राहतात. जानेवारीतला चक्रावात आणि मार्चअखेरचा चक्रावात यांच्यात हा मोठा फरक आहे.

[दृश्य: आडवं पडलेलं पीक. एका ताटाचा बुंधा जवळून.]

लोळलेला गहू जवळून पाहिला तर ताट बुंध्याशी मुडपलेलं दिसतं. लोंबी दाण्यांनी जड, खाली जमीन मऊ, आणि त्यात जोराचा वारा. ताट मुडपलं की दाण्याकडे जाणारं अन्न तुटतं. लोंबी ओल्या मातीला टेकली तर दाणा झाडावरच कोंब धरू शकतो, आणि कंबाइन हार्वेस्टरला जमिनीलगतचं पीक नीट उचलता येत नाही. उभ्या पिकातही भिजून वाळलेल्या दाण्याची चकाकी जाते. त्या वर्षी पंजाब-हरियाणात चकाकी गेलेला माल 80 टक्क्यांपर्यंत चालवून घेण्याची सवलत द्यावी लागली.

आणि तरीही 2023 चं देशाचं एकूण उत्पादन घटलं नाही. ते 11 कोटी 5 लाख टनांच्या वर गेलं. ज्या पावसाने पिकायला आलेला गहू लोळवला, त्यानेच उशिरा पेरलेल्या गव्हाला थंड दिवस दिले. ज्याचं शेत झोपलं, त्याला या बेरजेचं समाधान नाही, हे खरंच आहे.

ओल्या, गार हवेचा आणखी एक लाभार्थी आहे, पिवळा तांबेरा. ही बुरशी दहा ते पंधरा अंशांत आणि पान तासन् तास ओलं राहिलं तर फोफावते. म्हणून पाऊस आणि धुक्याच्या पाळ्या लागोपाठ आल्या, की जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयाच्या पायथ्याच्या जिल्ह्यांत आधी नजर ठेवावी लागते. ओळख सोपी आहे. पानावर पिवळे ठिपके रेघांत मांडल्यासारखे दिसतात आणि पान चोळलं की बोटांना हळदीसारखी पूड लागते. पूड लागली नाही आणि पान नुसतंच पिवळं असेल, तर नत्राची किंवा पाण्याची अडचण असू शकते. तिथे बुरशीनाशक फवारून पैसे वाया जातात.

[दृश्य: उपग्रहाचं चित्र. इराणवर सरकणारी पांढरी पट्टी.]

हवामान विभागाला हा बाक तो इराणवर असतानाच दिसतो, त्यामुळे चक्रावात येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. गारा मात्र कोणत्या तालुक्यात पडतील, हे रडारवर ढग उभा राहिल्यावरच, जेमतेम दोन-तीन तास आधी कळतं. तेवढ्या वेळात शेत झाकता येत नाही. मात्र चार दिवसांच्या सूचनेत एक काम नक्की करता येतं, आणि लोंब्या भरलेल्या शेतात तेच सर्वात जास्त उपयोगी पडतं: पाण्याची पाळी थांबवायची. जमीन घट्ट राहिली तर मुळांची पकड टिकते आणि वाऱ्यात झुकलेलं ताट दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहू शकतं. शेजारचं, आदल्या दिवशी पाणी दिलेलं शेत मात्र तसंच पडून राहतं.