सकाळचा पंच कोणत्या दिवसाचा?

नमस्कार. टाइम ऑफिसमध्ये बसणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीच्या प्रसंगापासून सुरुवात करतो. महिनाअखेरीस पंचिंग मशीनमधला डेटा शीटमध्ये घेतला, तारखेप्रमाणे पहिला पंच ‘इन’ आणि शेवटचा ‘आउट’ धरला. पहिल्या-दुसऱ्या पाळीचे तास बरोबर आले आणि तिसऱ्या पाळीचा प्रत्येक माणूस रोज चौदा-पंधरा तास काम करताना दिसू लागला. असं दिसलं की समजा, शीटने सकाळी घरी जातानाचा पंच ‘इन’ धरलाय आणि त्याच रात्री परत येतानाचा ‘आउट’. म्हणजे माणूस जेवढा वेळ घरी होता, तेवढा वेळ आपण कामात मोजला.

एक उदाहरण घेऊ. पाळी रात्री १० ते सकाळी ६. ३ नोव्हेंबरला कामगार २२:१२ ला आला, ४ तारखेला सकाळी ७:४० ला गेला आणि त्याच रात्री २२:०५ ला पुन्हा आला. ४ तारखेचे दोनच पंच धरले तर १४ तास २५ मिनिटं होतात. खरी पाळी मात्र ९ तास २८ मिनिटांची आहे.

बरेच जण यावर `MOD(आउट-इन,1)` वापरतात. एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १, त्यामुळे वजाबाकी ऋण आली तरी हे सूत्र ती सरळ करून देतं. पण इन कुठला आणि आउट कुठला हे आधी ठरलेलं असेल तरच त्याचा उपयोग. मूळ प्रश्न जोडी लावण्याचा आहे. म्हणून पंचची तारीख आणि वेळ एकाच रकान्यात ठेवा आणि प्रत्येक पंचला ‘कामाचा दिवस’ द्या. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये हेच तत्त्व होतं: मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे.

A मध्ये कामगार कोड, B मध्ये पंच, C मध्ये पाळी सुरू होण्याची वेळ असेल, तर D मध्ये:

```
=INT(B2-C2+3/24)
```

म्हणजे पाळीच्या तीन तास आधी नवा कामाचा दिवस सुरू होतो. रात्रपाळीला ही सीमा संध्याकाळी ७ ची. ३ तारखेचा २२:१२ आणि ४ तारखेचा ७:४० हे दोन्ही पंच ३ तारखेत पडतात. ४ तारखेचा २२:०५ आपोआप ४ मध्ये जातो. सीमा सुट्टीच्या वेळेच्या बरोबर मधोमध, म्हणजे दुपारी २ ला, ठेवू नका. माणूस लवकर आला तर फार तर तासभर लवकर येतो, पण डबल ड्युटी केली तर दुपारी २ नंतरच बाहेर पडतो आणि त्याचा आउट दुसऱ्या दिवसात जाऊन बसतो.

आता प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक कामाच्या दिवसासाठी `MINIFS` ने इन आणि `MAXIFS` ने आउट काढा. आउट विसरलेला माणूस शोधायला नुसते पंच मोजून भागत नाही. बोट नीट उमटलं नाही असं वाटून तो दोनदा पंच करतो. संख्या दोन भरते, तास शून्य. इन-आउटमध्ये तासाभरापेक्षा कमी अंतर असेल तर तिथे ‘अपूर्ण’ लिहून तो दिवस सुपरवायझरकडे पाठवा. तिथे अंदाजाने आउट भरणं मला मान्य नाही, कारण तो माणसाचा पगार आहे.

ओटीचं गणित याच उदाहरणावर करू. दहा मिनिटांची सवलत असेल तर २२:१२ ला लेट मार्क लागतो. अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी वजा करून निव्वळ काम ८ तास ५८ मिनिटं. पाळी सुटल्यापासून मोजलं तर ओटी १:४०. पाळीच्या निव्वळ साडेसात तासांवरचं काम धरलं तर १:२८. मधली १२ मिनिटं उशिराची आहेत. १:२८ घेऊन वर लेट मार्काची कपातही केली, तर त्याच १२ मिनिटांची शिक्षा दोनदा होते. आणि १९४८ च्या जुन्या अधिनियमात होती ती दिवसाला ९ तासांची मर्यादा लावली तर त्या दिवसाचा दुप्पट दराचा ओटी शून्य येतो, पण आठवड्याला ४८ तासांची मर्यादा वेगळी तपासावी लागते. असे सहा दिवस भरले तर ५३:४८ होतात, म्हणजे ५:४८ जास्तीचे. तुमच्याकडे कोणता नियम आहे ते आधी लेखी घ्या, सूत्र नंतर लिहा.

या बेरजेच्या सेलला `[h]:mm` फॉरमॅट द्या. साध्या `h:mm` मध्ये ५३:४८ ऐवजी ५:४८ दिसतात, कारण पूर्ण दिवस गळून जातात. योगायोगाने आपला जास्तीचा आकडाही तोच आहे, त्यामुळे इथली चूक नजरेतून सहज निसटेल. दराने गुणताना आधी २४ ने गुणायला विसरू नका.

राहिला पाळीबदल. C मधली पाळी पंचच्या कॅलेंडर तारखेवरून शोधली, तर रविवारी सकाळी सुटणाऱ्या माणसाला शीट रविवारची साप्ताहिक सुट्टी लावते आणि शनिवारची रात्र अपूर्ण राहते. म्हणून प्रत्येक पंचसाठी आदल्या दिवसाचं वेळापत्रक आधी बघा. तिथे रात्रपाळी असेल आणि माणसाची पुढची पाळी सुरू व्हायला तीन तासांहून जास्त अवकाश असेल, तर तो पंच आदल्या दिवसाचाच.