आधी तो असा नव्हता
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: डावं मनगट, अगदी जवळून]

या मनगटावर दोन प्रकारचे वण आहेत. पांढरट दिसतात ते जुने, काही तर लहानपणापासूनचे. त्यांच्यावर जे लाल, ओले आहेत, ते या आठवड्यातले. तपासणीच्या कागदावर मात्र दोन्हींसाठी एकच ओळ आहे: ‘स्वतःला चावतो.’

या पटातला प्रसंग अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून रचला आहे आणि भूमिका कलाकारांनी केल्या आहेत. तपासणीची पद्धत मात्र खरी आहे.

तो बत्तीस वर्षांचा आहे. मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, ओळखीच्या माणसांशी जरा जास्त. मनासारखं झालं नाही की मनगट चावायची सवय जुनीच, महिन्यातून तीन-चार वेळा. गेले सहा महिने तो रोज चावतोय, कधी दिवसातून चारदा. जेवण अर्धवट टाकतो. रात्री उठून दाराशी उभा राहतो आणि काहीतरी पुटपुटतो.

आईने डॉक्टरांना दाखवलं. उत्तर मिळालं, ‘अशा मुलांमध्ये हे असतंच.’ बत्तीस वर्षांच्या माणसाला ‘मूल’ म्हटलं गेलं, तेव्हाच पुढच्या तपासणीची दिशा ठरली होती.

[दृश्य: दोन छापील कागद शेजारी शेजारी, एक ओळ सोडून सगळा मजकूर सारखा]

या चुकीला वैद्यकात नाव आहे: निदानावर पडलेली सावली. अमेरिकेत 1982 साली स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवून दिली. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका माणसाच्या तीव्र भीतीचं वर्णन वाचायला दिलं. वर्णन सगळ्यांना तेच, फरक फक्त त्या माणसाच्या बुद्धीच्या पातळीत. ती कमी आहे असं लिहिलं की त्याच भीतीकडे मानसिक आजार म्हणून पाहणारे कमी होत होते. दिव्यांगत्वाने सगळ्याचा खुलासा होतो असं एकदा वाटलं की मग दुसरं कारण शोधायला कोणी बसत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा रुग्णांसोबत काम केलेल्या अनुभवी मंडळींनाही तपासलं. अनुभवाने ही सावली हटत नव्हती.

[दृश्य: गोळ्यांचं पाकीट, टेबलाखाली एकसारखे हलणारे पाय]

‘स्वतःशी बोलतो, हिंसक होतो’ एवढ्यावर त्याला रिस्पेरिडोन हे भास-भ्रमांवरचं औषध सुरू झालं, एक मिलिग्रॅम. तीन आठवड्यांत हे पाय सुरू झाले. बसला की उठतो, उठला की फेऱ्या मारतो. याला अकॅथिशिया म्हणतात. या गटातल्या औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे. आतून अशी तगमग होते की माणूस स्वस्थ बसूच शकत नाही. बोलता येणारा रुग्ण येऊन सांगतो, ‘डॉक्टर, या गोळीने बेचैनी होतेय.’ याला ते सांगता आलं नाही. वागणं आणखी बिघडलं असं समजून डोस तीन मिलिग्रॅमवर गेला.

आता ज्या मनोविकारतज्ज्ञांच्या खोलीत आपण आहोत, त्यांनी पहिला प्रश्न औषधाचा विचारला नाही. त्यांनी आईला विचारलं, “तुमच्या फोनमध्ये याचे जुने व्हिडिओ आहेत का?”

[दृश्य: पडद्याचे दोन भाग. डावीकडे वर्षभरापूर्वीची चित्रफीत, उजवीकडे आजची. दोन्हींत टेबल आणि मण्यांचा डबा. निवेदन वीस सेकंद थांबतं.]

डावीकडे तो मणी ओवतोय. लाल, पिवळा, लाल, पिवळा. मध्ये हिरवा आला तर काढून ठेवतो, वर पाहून काहीतरी सांगतो, हसतो. उजवीकडे तोच डबा समोर आहे आणि झाकणही निघालेलं नाही.

कोणतीही प्रश्नावली इतकं सांगत नाही. ‘हा कसा वागतो?’ या प्रश्नाला दिव्यांगत्व हे उत्तर नेहमीच तयार असतं. ‘हा आधी कसा होता आणि केव्हापासून बदलला?’ या प्रश्नाला ते चालत नाही, कारण दिव्यांगत्व बत्तीस वर्षं होतं आणि मणी सहा महिन्यांपूर्वी थांबले. जुन्या सवयीचं अचानक वाढणं हेही लक्षणच. रॉबर्ट सोव्हनर या मनोविकारतज्ज्ञांनी 1986 मध्ये हे मांडलं: मानसिक आजार आला की आधीपासूनची वागण्यातली अडचण तीच राहते, फक्त किती वेळा आणि किती जोराने हे बदलतं. म्हणून पांढरट वण आणि लाल वण एका ओळीत लिहायचे नसतात.

[दृश्य: भिंतीवरचा तक्ता, दोन आठवडे, दर तासाला एक चौकोन]

आधी शरीर तपासलं. दात, कान, पोट, थायरॉइड, रक्त, आणि चालू असलेलं प्रत्येक औषध. तिथे कॅमेरा नेता आला नाही, तेव्हा थोडक्यात: एक दाढ किडलेली निघाली आणि बद्धकोष्ठता जुनी होती. दोन्हींवर उपचार झाले. दुपारी गाल दाबून धरणं थांबलं. इथेच थांबणं सोपं होतं, आणि बरेच जण थांबतात.

पण तक्ता पाहा. निळा चौकोन म्हणजे झोप, लाल ठिपका म्हणजे चावणं. दाढेचं काम झाल्यानंतरचा आठवडा हा खालचा. दुपारचे ठिपके गेले. पहाटे तीननंतरचे चौकोन मात्र तसेच रिकामे आहेत आणि ठिपके सकाळी सहा ते नऊमध्ये गर्दी करून आहेत. वजन एकसष्टवरून पंचावन्न किलोवर आलंय. पहाटेची जाग, सकाळी सगळ्यात वाईट अवस्था, भूक नाही, आवडीचं काम सुटलं. हे वर्णन एखाद्या बँकेतल्या अधिकाऱ्याचं असतं, तर नैराश्याची शंका कोणालाही आली असती.

आईने हा तक्ता भरला, पण तिला तो भरायला शिकवावं लागलं. पहिल्या दिवशी तिने लिहिलं होतं, ‘हट्टीपणा केला.’ डॉक्टर म्हणाल्या, “आई, हट्टीपणा राहू द्या. आधी काय घडलं, त्याने काय केलं आणि नंतर तुम्ही काय केलंत, तेवढंच लिहा.” दुसरं एक त्यांनी मुद्दाम विचारलं: त्रास न देता बसून राहण्याचे तास किती? घरच्यांना आरडाओरडा आठवतो. गप्प बसलेला माणूस कोणाच्या तक्रारीत येत नाही.

[दृश्य: तपासणीची खोली. टेबलावर चित्रांची कार्डं.]

“आई, आधी मी यांच्याशी बोलते. मग तुमच्याशी.”

सकाळची पहिली वेळ, म्हणजे बाहेर ताटकळणं नाही. एका वेळी वीस मिनिटं. वाक्यात एकच गोष्ट. आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. आम्ही ही शांतता कापलेली नाही; संकलकाला ती कापायची होती.

“रात्री झोप लागते, की जाग येते?”

(शांतता)

“जाग येते.”

काही मिनिटांनी तोच प्रश्न उलटा.

“रात्री जाग येते, की झोप लागते?”

“झोप लागते.”

तो खोटं बोलत नाहीये. शेवटचा ऐकलेला पर्याय हातात राहतो, तो परत देतो. हो-नाहीच्या प्रश्नांत बहुतेक ‘हो’ येतं, कारण समोरच्याला खूश करायची सवय आयुष्यभर लागलेली असते. ‘तुम्हाला आवाज ऐकू येतात का?’ याला मिळालेलं ‘हो’ फाइलमध्ये गेलं की तसंच गोळ्यांचं पाकीट हातात येऊ शकतं. म्हणून डॉक्टर प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारतात आणि उत्तर फिरलं तर ते सोडून देतात.

मग कार्डं. अंथरुणात झोपलेला माणूस. अंथरुणात डोळे उघडे असलेला माणूस. “रात्र. तुम्ही कोणते?” कार्डांच्या जागा बदलून पुन्हा. दोन्ही वेळा बोट उघड्या डोळ्यांवर. आणि मग न विचारता एक शब्द येतो: “दार.”

आई तेव्हा पहिल्यांदा बोलते. आठ महिन्यांपूर्वी त्याचे बाबा गेले. त्याला कळणार नाही म्हणून अंत्यविधीला नेलं नाही. बाबा बाहेरगावी गेलेत, एवढंच सांगितलं.

[दृश्य: आईचा चेहरा. निवेदन नाही.]

दाराशी पुटपुटणं हा भास नव्हता. या विकासपातळीवर मनातलं मोठ्याने बोलणं सर्रास आढळतं. तो वाट पाहत होता आणि वाट पाहताना बोलत होता.

निराशा, अपराधीपणा, भविष्याची काळजी असले प्रश्न त्याला विचारून उपयोग नव्हता. अशा रुग्णांसाठी ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2001 साली डीसी-एलडी नावाचे वेगळे निकष काढले. त्यात दिसणाऱ्या गोष्टींना जागा आहे: उदास मनाऐवजी चिडचिड, बोलणं कमी होणं, माणसांपासून दूर राहणं, स्वतःची निगा सुटणं, जुनं अडचणीचं वागणं वाढणं. हे सगळं जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, आणि पूर्वीच्या स्थितीपेक्षा वेगळं असलं पाहिजे. अट अशीही आहे की ते औषधामुळे किंवा शारीरिक आजारामुळे नसावं. दात आणि पोट आधी तपासलं ते याचसाठी. पायांची तगमग औषधाच्या खात्यात गेली. पहाटेची जाग आणि बंद डबा औषध सुरू होण्याच्या आधीपासूनचे, म्हणून ते नैराश्याच्या खात्यात.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. सांभाळणारी व्यक्ती दोन महिन्यांपूर्वी आलेली असेल, जुना व्हिडिओ नसेल, तर ‘आधी’ सांगणारं कोणी उरत नाही. दिव्यांगत्व अतितीव्र असेल तर कार्डंही कामाची नाहीत; तिथे चेहरा, आवाज आणि अंगाची ठेवण यांचीच नोंद ठेवावी लागते.

[दृश्य: बाबांचा फोटो, त्याखाली क्रमाने चार चित्रं]

रिस्पेरिडोन हळूहळू उतरवायला घेतलं. आक्रमक वागण्यासाठी ते किती कामाचं, याची चाचणी 2008 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती: बौद्धिक दिव्यांगत्व असलेले 86 रुग्ण, आणि रिस्पेरिडोन, त्याच गटातलं हॅलोपेरिडॉल किंवा औषधच नसलेली गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, सगळ्यात जास्त औषध नसलेल्या गोळीच्या गटात.

नैराश्यासाठी सर्ट्रालीन, पंचवीस मिलिग्रॅमपासून, सावकाश वाढवत. आणि ही चित्रं. बाबा आजारी पडले. बाबा मरण पावले. बाबांचं शरीर आता नाही. बाबा परत येणार नाहीत. ‘झोपले’ किंवा ‘देवाघरी गेले’ असं काही नाही, कारण झोपलेला माणूस उठतो आणि गेलेला परत येतो. आई ही चित्रं रोज एकदा दाखवते. पहिले काही दिवस तो चौथं चित्र उलटं करून ठेवायचा.

दहा आठवड्यांनी झोप पहाटे पाचपर्यंत आली, वजन सत्तावन्न किलो झालं, चावणं पूर्वीइतकं, महिन्यातून तीन-चार वेळा. रिस्पेरिडोन अर्ध्या मिलिग्रॅमवर आहे.

फाइलचं पहिलं पान आता आईने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं आहे: किती झोपतो, किती खातो, दुखलं तर काय करतो, खूश असला तर काय करतो, किती वेळा चावतो. वर तारीख आहे. सहा महिन्यांनी ते पुन्हा लिहायचं ठरलंय.